अंकी-अक्षरी जुळलं, तरी रक्कम चुकलेली असू शकते

आईच्या नावावरचा सुदामा नगरमधला प्लॉट विकायचं ठरलंय. दलालाने व्हॉट्सअ‍ॅपवर सौद्याचा मजकूर पाठवला आणि म्हणाला, याचीच सौदा चिठ्ठी टाइप करून आणतो. कुल सौद्याच्या ओळीत आकडा एक आहे आणि कंसात अक्षरी भलतंच. भाऊ म्हणतो, ‘अक्षरी लिहिलेलं तेच कायद्याने धरतात, आणि बाकीच्या ओळी तर बरोबर आहेत.’ रविवारी आईची सही आहे. मजकूर जसाच्या तसा पाठवते. काय काय तपासू?

‘प्लॉट 30×40, 1,200 वर्गफीट, भाव 8,500 रु. प्रति वर्गफीट। कुल सौदा 1,02,00,000 (एक लाख दो हजार रुपये)। बयाना 10 प्रतिशत 10,20,000 (दस लाख बीस हजार)। एक महीने में 25 प्रतिशत 25,50,000 (सवा पच्चीस लाख)। शेष राशि रजिस्ट्री के समय 6,63,000 (छह लाख तिरसठ हजार)।’

— एक वाचक, इंदूर

ताई, मजकूर दुरुस्त होऊन येईपर्यंत आईंची सही होऊ देऊ नका. तुम्हाला एक चूक दिसली, पण या चार रकमांमध्ये तीन चुका आहेत. त्यातली सगळ्यात मोठी चूक तुमच्या भावाला बरोबर वाटलेल्या ओळीत आहे. शेवटची ओळ पुन्हा वाचा. आकडा सहा लाख त्रेसष्ट हजारांचा आहे आणि कंसातही सहा लाख त्रेसष्ट हजारच आहेत. दोन्ही अगदी जुळतात आणि दोन्ही चूक आहेत. तिथे सहासष्ट लाख तीस हजार हवेत.

मी बरीच वर्षं बँकेत क्लिअरिंगच्या टेबलावर बसलो आहे. तिथे एक गोष्ट अंगवळणी पडली. अंकी आणि अक्षरी रक्कम म्हणजे एकाच माणसाच्या दोन साक्षी असतात. टाइप करणारा आधी आकडा लिहितो आणि मग त्याच आकड्याकडे बघून कंसातलं अक्षरी लिहितो. आकड्यातलं एक शून्य आधीच गळलं असेल तर अक्षरीही तेवढंच गळतं, आणि ओळ शहाण्यासारखी दिसते. तुमच्या शेवटच्या ओळीत हेच झालेलं दिसतं. 66,30,000 लिहिताना शेवटचं शून्य पडलं, उरलेल्या अंकांना स्वल्पविराम लागून 6,63,000 झालं, आणि पुढे ते इमानदारीने ‘छह लाख तिरसठ हजार’ असं वाचून लिहिलं गेलं. म्हणून अंकी आणि अक्षरी एकमेकांशी ताडून पाहणं हे निम्मंच काम झालं. त्या दोघांना तिसऱ्या साक्षीदारासमोर उभं करायचं, आणि तो साक्षीदार म्हणजे हिशेब.

तुमच्या दलालाने नकळत का होईना, हा साक्षीदार मजकुरातच ठेवला आहे. क्षेत्रफळ आहे, भाव आहे, टक्केवारी आहे. कागद घेऊन बसा. 12 गुणिले 85 म्हणजे 1020. बाराशेची दोन शून्यं आणि साडेआठ हजारांची दोन, अशी चार शून्यं त्यापुढे लावली की 1,02,00,000 होतात. एक कोटी दोन लाख. म्हणजे कुल सौद्याचा आकडा बरोबर आहे आणि कंसातलं अक्षरी चूक. त्याचे दहा टक्के 10,20,000, म्हणजे बयान्याची ओळ अंकी-अक्षरी दोन्ही बरोबर. पंचवीस टक्के म्हणजे 25,50,000, तिथेही आकडा बरोबर आहे आणि अक्षरी चूक. त्याबद्दल खाली सांगतो. या दोन्ही रकमा मिळून 35,70,000 झाल्या. त्या एक कोटी दोन लाखांतून वजा केल्या की 66,30,000 उरतात. आता उलट बाजूनेही पाहा. दलालाने लिहिलेले तिन्ही हप्ते जसेच्या तसे जोडले तर बेरीज 42,33,000 येते. सौदा एक कोटी दोन लाखांचा आणि हप्ते सव्वाबेचाळीस लाखांच्या आसपास. मधले 59,67,000 रुपये त्या एका शून्यात गेले. हप्त्यांचा मजकूर हाती आला की सगळ्यात आधी ही बेरीज करत जा. कागदावर दोन मिनिटंही लागत नाहीत.

आता भावाच्या म्हणण्याविषयी. त्याने ऐकलेला नियम खरा आहे, पण तो या कागदाचा नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट 1881, त्याच्या कलम 18 मध्ये तो आहे. रक्कम अंकांत एक आणि अक्षरांत दुसरी असेल तर अक्षरी रक्कम धरायची. हा कायदा चेक, वचनचिठ्ठी आणि हुंडीसारख्या कागदांना लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर किंवा प्लॉटची सौदा चिठ्ठी त्यात मोडत नाही. चेकच्या बाबतीतसुद्धा प्रत्यक्षात बँक त्या नियमावर विसंबून पैसे देत नाही. अंकी-अक्षरी फरक आहे असा शेरा मारून चेक परत करते. माझ्या टेबलावरून असे चेक किती परत गेले याची गणती नाही. एकदा अंकी 1,02,000 होते आणि अक्षरी ‘एक लाख दोनशे’. चेक देणारे गृहस्थ काउंटरवर येऊन तावातावाने म्हणाले, अक्षरी धरा ना, कायदा आहे! त्यांना समोर बसवून विचारलं, तुम्हाला नक्की किती द्यायचे होते? तर म्हणाले, एक लाख दोन हजार. म्हणजे कायद्याप्रमाणे अक्षरी धरलं असतं तर समोरच्याला अठराशे रुपये कमी गेले असते. चेकलाही तिसऱ्या साक्षीची गरज भासते, म्हणूनच 1 जानेवारी 2021 पासून पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पे आलं. त्यात चेक देणारा तारीख, कोणाला द्यायचा त्याचं नाव आणि रक्कम बँकेला वेगळी कळवतो.

आणि तुमच्या बाबतीत अक्षरी धरायचं म्हटलं तर काय होईल? एक कोटी दोन लाखांचा प्लॉट एक लाख दोन हजारांत. भाऊ हे मुळीच मान्य करणार नाही, मग नियम तरी कशाला मानायचा? करारांना 1872 चा भारतीय करार कायदा लागतो. त्याच्या कलम 29 प्रमाणे ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करारच उरत नाही. तुमच्या मजकुरात अर्थ निश्चित करता येतो, तो केवळ भाव आणि क्षेत्रफळाच्या ओळीमुळे. टाइप करणारे लोक मजकूर आटोपशीर करायला ही ओळ गाळतात आणि फक्त कुल रक्कम ठेवतात. ती ओळ कोणत्याही परिस्थितीत गाळू देऊ नका. टक्केवारीही राहू द्या. सह्या झाल्यावर अशी चूक सापडली आणि समोरचा तयार नसला, तर दस्त दुरुस्त करून घ्यायला कोर्टात दावा लावावा लागतो. आजची दुरुस्ती एका मेसेजची आहे.

पहिल्या चुकीकडे जरा जवळून बघा, कारण लाख-कोटीच्या बहुतेक घसरणी याच जातीच्या असतात. 1,02,00,000 आणि एक लाख दोन हजार, दोन्हींची सुरुवात 102 नेच होते. डोळा सुरुवातीचे ठळक अंक पकडतो आणि मागची शून्यं ‘असतील बरोबर’ म्हणून सोडून देतो. तुमच्या प्रकरणात आणखी एक शक्यता मला दिसते. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेवर खरेदीदाराला एक टक्का टीडीएस कापावा लागतो. एक कोटी दोन लाखांचा एक टक्का किती? बरोबर एक लाख दोन हजार. दलालाच्या वहीत टीडीएसची ओळ शेजारीच असेल आणि तिथलं अक्षरी उचलून इथे लागलं असेल, तर नवल नाही. हा टीडीएस पुढेही लक्षात ठेवा. बयान्याचे 10,20,000 ठरले आणि आईंच्या खात्यात 10,09,800 जमा झाल्याचा मेसेज आला, तर ती चूक नसेल. 10,200 टीडीएसपोटी कापले गेले असतील. कापलेली रक्कम आईंच्या पॅनवर दिसते का, एवढं मात्र बघा.

अक्षरी रकमेचा आकडा करताना मी अजूनही घरं आखतो. कागदावर तीन उभ्या रेघा मारायच्या, म्हणजे चार घरं होतात: कोटी, लाख, हजार आणि शेवटचं शेकड्यांचं. शेवटच्या घरात तीन अंक, लाख आणि हजारच्या घरात प्रत्येकी दोनच अंक, एकही कमी नाही. ‘एक कोटी दोन लाख’ लिहायचं तर कोटीच्या घरात 1, लाखाच्या घरात 02, हजारात 00 आणि शेवटी 000. लाखाच्या घरातलं ते पुढचं शून्य लोकांना फालतू वाटतं आणि तेच सगळ्यात जास्त वेळा गळतं. ते गळलं की 1,2,00,000 असं काहीतरी तयार होतं. पुढचा माणूस स्वल्पविराम ‘नीट’ करतो आणि त्याचे बारा लाख होतात. दशांश चिन्हाने लिहितानाही हीच खोट. तुमचा सौदा 1.02 कोटींचा आहे. बोलण्यात तो ‘वन पॉइंट टू’ झाला आणि कोणी 1.2 कोटी लिहिलं, तर ते एक कोटी वीस लाख होतात. अठरा लाखांचा फरक, एका शून्याचा. फोनवर रक्कम सांगताना तोंडाने ‘पॉइंट’ म्हणूच नये. एक कोटी दोन लाख असं पूर्ण म्हणावं.

आता मधली ओळ. आकडा 25,50,000 आणि कंसात ‘सवा पच्चीस लाख’. हिंदीतलं सवा आणि आपलं सव्वा एकच, म्हणजे पाव भाग वर. लाखाचा पाव पंचवीस हजार, म्हणून सव्वापंचवीस लाख म्हणजे 25,25,000. तिथे ‘साढ़े पच्चीस लाख’ हवं होतं. फरक पंचवीस हजारांचा. एक कोटीच्या सौद्यात तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, पण महिन्याभराने हप्ता देताना खरेदीदार नेमकं हेच अक्षरी पुढे करू शकतो. सव्वा, साडे, पावणे हे शब्द आपण इंदूरकर दिवसभर बोलतो, आणि बोलण्यात ते सुंदरही वाटतात. लिहिण्यात मात्र ते घातक आहेत, कारण त्यांची किंमत पुढच्या शब्दावर ठरते. ‘सव्वा कोटी’ म्हणजे 1,25,00,000 आणि ‘एक कोटी सव्वा लाख’ म्हणजे 1,01,25,000. शब्द थोडे इकडचे तिकडे झाले, आणि तेवीस लाख पंचाहत्तर हजारांचा फरक पडला. पावणेतीन लाख म्हणजे 2,75,000, पण तीन हा शब्द कानात राहतो आणि घाईत 3,75,000 लिहिलं जातं. म्हणून दलालाला सांगा, कागदावर सवा-साढ़े नको; पच्चीस लाख पचास हजार असं सरळ लिही.

घरी तपासायची बँकेतली एक पद्धत सांगतो. आम्ही मोठ्या रकमेच्या कागदाला दोघे बसायचो. एक जण कागद हातात धरून फक्त अक्षरी रक्कम मोठ्याने वाचायचा, दुसरा कागदाकडे न बघता ऐकून आकडे लिहायचा. लिहून झाल्यावरच दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. एकच माणूस दोन्ही बघायला लागला की आकडा बघून अक्षरीही ‘तेच’ वाचतो. मन चूक भरून काढतं. तुम्ही वाचा आणि भावाला लिहू द्या. अक्षरी हिंदीत आहे, तेव्हा एक जपा. हिंदीतले तिरसठ, तिरपन, तिहत्तर आपल्या कानाला फार जवळचे वाटतात. एक त्रेसष्ट, दुसरा त्रेपन्न, तिसरा त्र्याहत्तर. लिहिणाऱ्याला शंका आली तर वाचणाऱ्याने अंक सुटे सांगावेत: सहा, तीन.

स्वल्पविरामांवर मात्र विश्वास ठेवू नका. परदेशी मांडणीच्या फोनमध्ये किंवा शीटमध्ये हीच रक्कम 10,200,000 अशी दिसते, कारण तिथे तीन-तीन अंकांचे गट पडतात. आपल्या डोळ्याला ती झटकन 10,20,000 वाटते, म्हणजे बयान्याइतकी! तुमच्या घरातलं कोणी बाहेरदेशी असेल आणि त्याच्याकडून हिशेब येणार असेल, तर हे होणारच. अशा वेळी स्वल्पविराम मनातून पुसायचे आणि अंक मोजायचे. लाखाच्या रकमेत सहा किंवा सात अंक, कोटीच्या रकमेत आठ किंवा नऊ. 10200000 मध्ये आठ अंक आहेत, म्हणजे कोटी. तुमच्या शेवटच्या ओळीतल्या 663000 मध्ये सहा आहेत. पासष्ट टक्के रक्कम बाकी असताना बाकीचा आकडा बयान्यापेक्षाही कमी अंकांचा कसा, हा प्रश्न नुसतं मोजल्यावरही पडतो.

या सगळ्या ताळ्यालाही एक मर्यादा आहे. गुणाकार फक्त एवढंच सांगतो की मजकूर स्वतःशी प्रामाणिक आहे की नाही. भावच 8,500 च्या जागी 8,900 ठरला असेल, किंवा क्षेत्रफळ चुकीचं असेल, तर सगळ्या ओळी जुळतील आणि तरी सौदा तुमचा नसेल. हे दोन आकडे मजकुरातून नाही, बाहेरून तपासायचे. क्षेत्रफळ आईंच्या मूळ रजिस्ट्रीत बघा. तिथे ते चौरस मीटरमध्ये असेल तर 111.48 च्या जवळपास यायला हवं. 30 बाय 40 फुटांचे तेवढेच होतात. भाव ज्या दिवशी तोंडी ठरला त्या दिवशी तिथे कोण होतं त्यांना विचारा, आणि खरेदीदाराला तुम्ही स्वतः फोन करा. दलालामार्फत नको, कारण दलालाचा आकडा आणि खरेदीदाराच्या मनातला आकडा एकच आहे का, हेच तर बघायचं आहे.

दलालाला आजच एक मेसेज पाठवा. त्याच्याशी भांडण नको. त्यानेही घाईत टाइप केलं असेल. फक्त त्याचा मजकूर पुढे ढकलून ‘इसमें सुधार कर दो’ असं मोघम लिहू नका. तो पहिली ओळ सुधारेल आणि बाकीच्या तशाच राहतील. पूर्ण मजकूर तुम्हीच लिहून द्या आणि त्याच्याकडून व खरेदीदाराकडून, दोघांकडून लेखी होकार मागा:

‘प्लॉट 1,200 वर्गफीट, भाव 8,500 रु. प्रति वर्गफीट। कुल सौदा 1,02,00,000 (एक करोड़ दो लाख रुपये)। बयाना 10 प्रतिशत 10,20,000 (दस लाख बीस हजार रुपये)। एक महीने में 25 प्रतिशत 25,50,000 (पच्चीस लाख पचास हजार रुपये)। शेष 65 प्रतिशत रजिस्ट्री के समय 66,30,000 (छियासठ लाख तीस हजार रुपये)। तीनों का जोड़ 1,02,00,000। पहले भेजा हुआ मैसेज रद्द समझें।’

बाकीच्या रकमेसमोर मी 65 टक्के मुद्दाम घातले आहेत आणि शेवटी बेरीजही. दलालाच्या मजकुरात नेमक्या याच एका ओळीला टक्केवारी नव्हती, आणि चूक तिथेच लपली. ‘रद्द समझें’ हेही गाळू नका; जुना मेसेज फोनमध्ये पडून राहतो आणि टाइप करणाऱ्याच्या हाती नेमका तोच लागतो.

रविवारी टाइप केलेली चिठ्ठी आली की तीच तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा, मेसेज बरोबर होता म्हणून सोडू नका. आणि पुढे रजिस्ट्रीच्या वेळी सर्विस प्रोव्हायडर ऑनलाइन मसुदा करेल, तेव्हा त्याचा प्रिंट घरी मागवून घ्या. कचेरीत रांगेत उभं राहून, आईंना खुर्चीवर बसवून, आठ अंक मोजता येत नाहीत.